एक तास वीस मिनिटांची माफी

कल्पना करा, तुम्हाला एक माफीपत्र लिहायचं आहे. कारण तयार आहे, कागद तयार आहे, सही दुसऱ्याची आहे. फक्त एक अडचण आहे. ज्याची माफी मागायची, त्याला तुम्ही मुद्दाम ताटकळत ठेवलं होतं, आणि त्या प्रत्येक मिनिटाचा तुम्हाला अजून आनंद होतो आहे. कुठल्या शब्दापासून सुरुवात कराल?

यामिनीने ‘आदरणीय श्री.’ एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

रॉटरडॅमच्या दक्षिण भागात, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर मरैकाचा दवाखाना आहे. मरैका दातांची डॉक्टर. यामिनीही दातांची डॉक्टरच, पण नागपूरची. इथल्या परीक्षा पास होईपर्यंत तिची पदवी घरच्या कपाटात आणि ती स्वतः दवाखान्याच्या काउंटरवर. फोन घ्यायचा, अपॉइंटमेंट द्यायच्या, पेशंटना बसवायचं. डच तिने दोन वर्षांत पक्कं केलं. आता मावळातल्या आजीबाईने बोलावं तसं ठसक्यात बोलते.

त्या मंगळवारी यादीत दहा वाजून वीस मिनिटांच्या पुढे नाव होतं: रवींद्र. नवीन पेशंट, दाढेतलं जुनं फिलिंग निघालेलं. आडनाव वाचून यामिनीने जन्मतारीख पाहिली, पत्ता पाहिला. मग पाणी प्यायली. तोच होता.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा आशुतोष याची नोकरी गेली. या देशात त्याच्यासारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला नवी नोकरी शोधायला तीन महिने मिळतात, नाही मिळाली तर सामान बांधायचं. रवींद्र सर तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजर. आपल्या लोकांच्या मंडळात मानाचे, भीमजयंतीला स्टेजवर बसणारे. त्यांनीच फोनवर सांगितलं, “आशुतोष, गुरुवारी अकराला ऑफिसला ये. वहिनींनाही आण. मी स्वतः तुला वर घेऊन जातो.”

दोघं अकराला पाच मिनिटं कमी असताना रिसेप्शनमधल्या राखाडी सोफ्यावर बसले. आशुतोषने टाय लावला होता. यामिनीच्या मांडीवर सीव्हीची फाइल होती, आणि डब्यात सरांसाठी घरचे अनारसे. बारा वाजले. एक वाजला. त्यांच्यानंतर आलेल्या चौघांना वर नेलं गेलं. मग लिफ्ट उघडली, सर चारपाच जणांबरोबर हसत बाहेर आले, सोफ्यासमोरून गेले आणि जेवायला निघून गेले. आशुतोष अर्धा उठला होता. तो तसाच परत बसला. दोन वाजता रिसेप्शनवरच्या बाईने सांगितलं, “त्यांच्या कॅलेंडरमध्ये तुमचं नावच नाही.”

तेवढंही सोसलं असतं. पण पुढच्या जयंतीला सर माइकवर म्हणाले, “आपल्या मुलांनी हिमतीवर नोकरी मिळवावी. वशिल्यासाठी लोकांच्या सोफ्यावर जाऊन बसू नये.” हॉल हसला. आशुतोषला नोकरी अकराव्या आठवड्यात मिळाली, स्वतःच्या हिमतीवर. पण त्या भाषणानंतर तो जयंतीला गेला नाही. बाबासाहेबांचा फोटो घरी लावतो, मेणबत्ती लावतो आणि गप्प बसतो. यामिनीने तेव्हाच मनाशी बांधलेली गाठ सहा वर्षांत सैल झाली नव्हती.

तर त्या मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी एक बाई रुमालाने तोंड दाबून आत आली. सायकलचं चाक ट्रामच्या रुळात अडकून पडली होती. तिच्या मैत्रिणीच्या हातात दुधाचा ग्लास, आणि दुधात समोरचा अख्खा दात. यामिनी एका नजरेत समजली. असा दात जितक्या लवकर परत बसवाल तितका जगतो. तिने मरैकाला हाक मारली, मरैकाने हातातलं काम आटोपलं आणि दार बंद झालं. दात धुवायचा, जागेवर बसवायचा, एक्स-रे काढायचा, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधायचा. तास तर नक्की, वर किती ते सांगता येत नाही.

अशा वेळी काउंटरवरच्या माणसाचं काम ठरलेलं. थांबलेल्या प्रत्येकाला सांगायचं, किती उशीर होईल ते सांगायचं, थांबता की दुसरी वेळ देऊ ते विचारायचं, आणि स्क्रीनवर त्या नावापुढे ‘सांगितलं’ अशी खूण करायची. दहा पन्नासच्या आजींना यामिनीने सांगितलं. त्यांनी शुक्रवार घेतला. अकरा दहाच्या गृहस्थांना सांगितलं. ते बाजारात जाऊन आले.

रवींद्रला तिने सांगितलं नाही.

तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. केस विरळ झाले होते, गालावर हात होता. पाण्याचा घोट घेतला की डोळे मिटायचा, उघड्या दाढेला गार लागत असणार. यामिनी मास्कच्या आड हसली. दर दहा मिनिटांनी ती घड्याळ बघायची आणि मनात म्हणायची, ‘बसा सर. अजून लिफ्ट यायचीय.’

एकच गोष्ट तिला खटकली. माणूस एकदाही उठला नाही. इथले लोक दहाव्या मिनिटाला काउंटरवर येतात. हा नाही. मोबाइलही काढला नाही. अकरा चाळीसला मरैकाने बाहेर येऊन नाव पुकारलं, तेव्हा तो उठला, हळू आवाजात म्हणाला, “मला आता मीटिंगला जावं लागेल,” आणि गेला.

दोन दिवसांनी त्याच्या बायकोची, सुचेताची मेल आली. ‘माझे पती तक्रार करणार नाहीत, म्हणून त्यांना विचारून मी लिहिते आहे. इमर्जन्सी समजू शकते. एक शब्दही न सांगता माणसाला दुखऱ्या दाढेने बसवून ठेवणं समजत नाही.’

“पत्राचा मसुदा तू कर,” मरैका म्हणाली. “त्यांना उद्देशून. मी बघून सही करते.”

यामिनीने पहिला मसुदा चटकन केला. सायकल, ट्रामचा रूळ, दुधातला दात, सगळं रंगवून. मरैकाने पेन्सिल घेतली आणि अर्धं पान कापलं.

“दुसऱ्या पेशंटचं एक अक्षर नाही. ‘तातडीचा रुग्ण’, बास. उद्या ती बाई यांना मेट्रोत भेटली तर?”

“पण मग कारण लंगडं वाटतं.”

“वाटू दे. आणि यामिनी, हे बघ.” मरैकाने स्क्रीन तिच्याकडे वळवली. दोन नावांपुढे खूण होती, वेळेसकट. त्यांच्या वरची, दहा वीसची ओळ रिकामी. “या दोघांना आल्या आल्या सांगितलंस. यांना?”

“विसरले.”

मरैका तिच्याकडे बघत राहिली. डच माणूस गप्प राहून बघायला लागला की खोटं बोलणाऱ्याला घाम फुटतो.

“ओळखतेस त्यांना?”

“हो.”

“मुद्दाम?”

यामिनीने मान हलवली. हो म्हणून.

मरैका खुर्चीत मागे टेकली. “मला गोष्ट नको. तू एक दिवस या खुर्चीमागे उभी राहणार आहेस, ड्रिल हातात घेऊन. तेव्हा समोर नावडता माणूस आला तर काय करशील, ते आज ठरव. आपण उशीर केला तो इमर्जन्सीमुळे. सांगितलं नाही ते इमर्जन्सीमुळे नव्हे. पत्रात ही दोन वाक्यं वेगळी हवीत. दुसरं वाक्य तू लिही, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.”

यामिनी दुपारभर बसली. आधी राग, मग शरम, मग पुन्हा राग. आणि अचानक तिला मार्ग दिसला. तिला तो सोफा आठवला. त्या सोफ्यावर बसलेल्या दोघांना जे पत्र यायला हवं होतं आणि कधीच आलं नाही, तेच तिने लिहायला घेतलं. शब्दाला शब्द. माफी मागायची, पण अशी की वाचणाऱ्याला स्वतःचं देणं दिसावं. चांगलं बोलून पाणी पाजायचं!

‘आम्ही दिलेल्या वेळेवर तुम्ही आलात. एक तास वीस मिनिटं तुम्ही बसून होतात. एका तातडीच्या रुग्णामुळे उशीर झाला, आणि तो टाळता आला नसता. पण तुमच्यानंतरच्यांना आम्ही येऊन सांगितलं, तुम्हाला सांगितलं नाही. याला कारण नाही. बसलेल्या माणसासमोरून न बघता निघून जाणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो आमच्या हातून झाला. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. सोमवारी सकाळची पहिली वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, गैरसोयीची असल्यास कळवा. तक्रार पुढे न्यायची असल्यास ती कुणाकडे न्यायची, ते खाली दिलं आहे.’

मरैकाने दोनदा वाचलं. “‘न बघता निघून जाणं’? मी कुठे गेले समोरून?”

“राहू दे ना. त्यांच्यासमोरून मी शंभरदा गेले.”

“हं. मी आजवर सही केलेलं सगळ्यात चांगलं माफीपत्र आहे,” मरैका म्हणाली आणि निळ्या शाईने सही केली.

यामिनीने पाकीट स्वतः पेटीत टाकलं. घरी जाताना मेट्रोत ती एकटीच गालात हसत होती. वाच म्हणावं. एकेक ओळ वाच.

सोमवारी आठला तो आला. आठ वाजून एका मिनिटाने मरैकाने त्याला आत घेतलं. फिलिंग झालं. अर्ध्या तासाने तो काउंटरवर आला, अर्धा गाल बधिर, बोलणं थोडं घसरणारं. इंग्रजीत म्हणाला, “पत्र मिळालं. फार चांगलं लिहिलंय. इतकं चांगलं की आमच्या टीमला दाखवलं. माफी कशी मागावी, म्हणून.”

यामिनीची कानशिलं तापली. टीमला दाखवलं! सहा वर्षं धार लावलेलं पातं, आणि या माणसाने त्याच पात्याने ऑफिसात केक कापला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिच्या खुर्चीमागे मरैका उभी होती, हातमोजे काढत.

“सहा महिन्यांनी तपासणी,” यामिनी डचमध्ये म्हणाली आणि कार्ड पुढे केलं.

त्याने कार्ड घेतलं, जॅकेट घातलं, दारापर्यंत गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबला. मागे वळला नाही. बधिर ओठांनी, शुद्ध मराठीत म्हणाला,

“आशुतोष बरा आहे ना, वहिनी? जयंतीला दिसत नाही.”

आणि दार लागलं.

समोरच्या खुर्च्यांवर पुढचे पेशंट येऊन बसायला लागले होते. यामिनीने उठून एकेकाला सांगितलं, आज वेळेवर चाललंय, पाच मिनिटांत बोलावते. मग कोपऱ्यातल्या त्या खुर्चीकडे तिची नजर गेली.

त्याने तिला ओळखलं कधी? पत्र वाचून? आज? की त्या मंगळवारी दारातून आत पाऊल टाकताच, आणि म्हणूनच तो एक तास वीस मिनिटं गालावर हात ठेवून, एकदाही न उठता, बसून राहिला होता?