हातचा आला म्हणजे ओव्हरफ्लो नव्हे

माझी धाकटी जाऊ कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात लॅब शिकवते. अकरा वर्षं झाली, तरी अजून 'तात्पुरती'च. पहिल्या वर्षाच्या पोरांना उणे आकडे बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकात, लिहायला तीच शिकवते, पण प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची मात्र विभागप्रमुख काढतात. तिने फक्त तपासायचं.

त्या शनिवारी पेपरांचा गठ्ठा घेऊन ती माझ्याकडेच आली. तिच्या घरी रंगकाम चाललं होतं. अर्ध्या तासात पेन आपटलं.

"ताई, डोकं फुटेल माझं आता!"

"काय झालं?"

"सूचीच चुकलीय. आठ बिटांत, म्हणजे शून्य-एकाच्या आठ घरांत, उणे पाच आणि उणे तीन यांची बेरीज करा, ओव्हरफ्लो आहे का, म्हणजे उत्तर मावत नाही का, ते सांगा. सरांचं उत्तर, आहे."

"मग नाही का?"

"उणे आठ होतात! आठ बिटांत उणे एकशेअठ्ठावीसपासून अधिक एकशेसत्तावीसपर्यंत मावतं. उणे आठाला काय धाड भरलीय?"

मग माझ्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे तिने मांडून दाखवलं. पाच म्हणजे ०००० ०१०१. सगळे अंक उलटे करायचे, शून्याचा एक, एकाचा शून्य: ११११ १०१०. त्यात एक मिळवायचा: ११११ १०११. हे उणे पाच. तसंच उणे तीन ११११ ११०१. बेरीज ११११ १०००, आणि डावीकडून एक हातचा बाहेर.

"तो हातचा सोडून द्यायचा. सरांनी तो बघितला आणि ओव्हरफ्लो म्हणून मोकळे झाले. अगदी पहिल्या वर्षाची चूक!"

"मग ओळखायचा कसा?"

"चिन्ह बघायचं, सगळ्यात डावीकडचा बिट. तो एक असला की आकडा उणे. दोन्ही आकडे एकाच चिन्हाचे आणि उत्तर उलट्या चिन्हाचं आलं, तर ओव्हरफ्लो. इथे दोन्ही उणे, उत्तरही उणे. काही बिघडलं नाही."

मी म्हटलं, दे की बरोबरला बरोबरचे गुण. तर म्हणाली, सूचीबाहेर गुण दिले की पेपर परत येतो. सतरा मुलांनी बरोबर लिहिलं होतं. त्यातली एक मुलगी, जी लॅबमध्ये कायम पहिल्या बाकावर बसायची, चार गुणांनी नापास होत होती. प्रश्न चार गुणांचा. तिची ही शेवटची संधी. आता गेली तर नाव कटणार.

"आणि हे मीच शिकवलंय तिला," जाऊ म्हणाली. "माझं ऐकलं म्हणून बुडाली पोरगी."

सोमवारी ती सरांकडे गेली. गुणांची यादी पाच वाजता कार्यालयात जायची होती. सर चहा पीत होते.

"मॅडम, हातचा बाहेर पडतोय ना? म्हणजे मावत नाही. साधी गोष्ट."

"सर, बिनचिन्हाच्या आकड्यांना ते ठीक आहे. हे टू'ज कॉम्प्लिमेंट आहे, उणे आकडे लिहायची पद्धत."

"वीस वर्षं शिकवतोय मी."

तिने वाद घातला नाही. लॅबमधला बेरजेचा बोर्ड उचलून आणला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यावर खटक्यांच्या दोन ओळी, उत्तराचे आठ दिवे, आणि बाजूला आणखी दोन: एक हातच्याचा, एक ओव्हरफ्लोचा. उणे पाच, उणे तीन लावले. हातच्याचा दिवा पेटला. ओव्हरफ्लोचा नाही.

सर वाकून बघत म्हणाले, "तो दिवा गेला असेल."

हे सांगताना तिने माझ्या ओट्यावर अशी मूठ मारली की वाटी उडाली.

मग तिने शंभर आणि पन्नास लावले: ०११० ०१०० आणि ००११ ००१०. उत्तर १००१ ०११०, म्हणजे उणे एकशेसहा! दोन अधिक मिळून उणे. हातच्याचा दिवा विझलेला, आणि 'गेलेला' ओव्हरफ्लोचा दिवा लख्ख.

सर बराच वेळ खटके वरखाली करत बसले. शेवटी म्हणाले, "सूचीत छपाईची चूक झालेली दिसते."

"छपाईची! ताई, सूची त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात होती!"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मी हो म्हणाले, आणि दुरुस्तीवर त्यांची सही घेतली."

साडेतीन वाजले होते. बेचाळीस पेपर पुन्हा काढून, गुण बदलून, बेरजा नव्याने करायला तिच्यासोबत कोणी थांबलं नाही. सर चारलाच निघून गेले. पाचला दोन मिनिटं असताना यादी कार्यालयात पोचली. त्यात ती मुलगी काठावर पास होती.

मंगळवारी फळ्यावर सूचना लागली. विभागप्रमुखांच्या बारीक लक्षामुळे छपाईची चूक वेळीच दुरुस्त झाली, असं त्यात लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की यापुढे तपासनिसांनी शंका आधीच कळवाव्यात.

"आधी म्हणजे कधी गं?" जाऊ मला विचारत होती. "सूची माझ्या हातात पेपरांबरोबरच येते!"