कागद उलटा ठेवणारी बहीण

छपाईच्या दुकानातली सगळी तिला चौकशीबाई म्हणत. वेष्टनं आणि लेबलं डिझाइन करणारी ही बाई प्रश्न विचारल्याशिवाय पेन्सिल उचलत नसे. एका साबणवाल्याच्या कामात मात्र ती घाईत होती. त्याने फोनवर "ताजेपणा हवा, फुलं हवीत" एवढंच सांगितलं आणि तिने तेवढ्यावर काम सुरू केलं.

पाच नमुने झाले आणि पाचही परत आले. कधी "मजा येत नाही", कधी "काहीतरी कमी आहे". नेमकं काय, हे विचारलं की म्हणायचा, तुम्ही करा, दिसलं की कळेल. दुकानाचे मालक वैतागून म्हणाले, नाद सोड याचा.

तिने जुने निरोप पुन्हा वाचले, तेव्हा एक गंमत दिसली. संध्याकाळी नमुना पाठवला की लगेच उत्तर यायचं, "छान आहे." नकार यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मग मधल्या वेळात होत होतं तरी काय? तिला चैन पडेना. सहावा नमुना पाठवण्याऐवजी तो छापून घेऊन ती थेट त्याच्या कारखान्यात गेली.

"घरी हे आणखी कोण बघतं?" तिने विचारलं.

साबणवाला घुटमळला. "मोठी बहीण. साबण तीच बनवते."

"आणि ती काय म्हणते?"

"काहीच नाही. मी नमुना छापून दाखवला की कागद उलटा ठेवते आणि उठून जाते."

बहीण आतल्या खोलीत तारेने साबणाच्या वड्या कापत होती. चौकशीबाईने एक वडी मागून घेतली, तिच्यावर आपलं वेष्टन गुंडाळलं आणि सवयीने नाकाशी धरली. वास आलाच नाही.

"येणार नाही," बहीण म्हणाली. "नाजूक कातडीची माणसं नेतात हा साबण. बारा वर्षं मी याच्यात वास घालू दिला नाही. आणि तुम्ही दरवेळी फुलं काढून पाठवता."

चौकशीबाईचा चेहरा पडला. आपण साबण हातात न घेताच पाच वेळा त्याचं वेष्टन केलं, हे तिला फार लागलं. भावाने मान खाली घातली. त्याला सुगंधी साबण काढायचा होता, पण ताईशी बोलायची हिंमत नव्हती. वेष्टन आवडलं तर ती आपोआप वळेल, असं त्याला वाटलं होतं. आज दोघं पहिल्यांदाच त्यावर बोलली, जरा चढ्या आवाजातच. शेवटी ठरलं, या साबणात वास घालायचा विषय बंद. सुगंधी काढायचाच तर वेगळ्या नावाने, पुढे कधीतरी.

चौकशीबाईने तिथेच बसून बहिणीला गिऱ्हाइकांबद्दल तासभर विचारलं, आणि चौथ्या दिवशी साधं पांढरं वेष्टन पाठवलं. त्यावर लिहिलं होतं: वास नसलेला साबण.

या वेळी फोन बहिणीचाच आला. "'वास' मोठा झालाय आणि 'नसलेला' बारीक. दोन्ही सारखे करा, मग छापा."

अशी नेमकी सुधारणा सांगणारं गिऱ्हाईक मिळाल्यावर चौकशीबाईला इतकं बरं वाटलं, की तिने ते काम हातातलं सगळं बाजूला ठेवून केलं.