तिसऱ्या फळीवरची तारीख

मी शाळेत दोनच इयत्ता शिकलो. पण अक्षराच्या बाबतीत मी कुणाला हार गेलो नाही. शहापुरात आमचा खड्ड्याचा माग होता. लुगड्याच्या काठावरची नक्षी धागे मोजून काढायची हाताला सवय, त्यामुळे माझ्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ येत. आमच्या पेठेच्या वाचनालयाचे गुरुजी एकदा म्हणाले, "फळ्या तूच रंगव." त्यातून हे सगळं झालं.

वाचनालयात आम्ही विणकर पाऊल टाकत नव्हतो. तिथं कोटवाले बसत, वर्तमानपत्राच्या घड्या मोडत. वाचनालय लिहितावाचता येणाऱ्यांचं, असंच आम्ही धरून चाललो होतो. गुरुजींच्या मनात आलं की महिन्यातून एकदा मोठ्यानं पुस्तक वाचावं आणि विणकरांनी बसून ऐकावं. चालक वकीलसाहेब होते. त्यांनी एकच बैठक मंजूर केली. वीस माणसं आली तर पुढं चालू, नाहीतर खोली पुन्हा वर्तमानपत्रांना. गुरुजींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "वीस कसली, चाळीस आणतो."

बैठक कधी, तर अमावास्येला. त्या दिवशी आमच्यात माग बंद असतो. बाकीच्या दिवशी अंधार पडेपर्यंत धोटा हातातून सुटत नाही.

चार फळ्या केल्या आणि वाचनालयाच्या भिंतीला ओळीनं टांगल्या. चालता चालता माणसानं एकामागून एक वाचाव्यात, अशा. पहिलीवर, 'या, बसा, ऐका.' दुसरीवर पुस्तक : एका गलबताचा प्रवास, आज पहिली दोन प्रकरणं. तिसरीवर दिवस आणि वेळ. चौथीवर गुरुजींनी सांगितलं तसं लिहिलं : 'नवीन येणाऱ्यांचं स्वागत. वाचता येत नसलं तरी चालेल. वर्गणी नाही. उशीर झाला तरी आत या.' ती चौथी फळी बायाबापड्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतली. आमच्या शेजारचा म्हातारा आप्पा तिच्यापुढं उभा राहून म्हणाला, "माझ्यासारख्यालाबी घेत्यात व्हय रं?"

आता माझी चूक सांगतो. गुरुजींच्या चिठ्ठीत तिसऱ्या फळीसाठी लिहिलं होतं : अमावास्या, रविवार, आणि पुढं इंग्रजी तारीख. मी फक्त 'अमावास्येला, दिवेलागणीला' एवढंच रंगवलं. आमच्या गल्लीत इंग्रजी तारीख कोण बघतो? तारीख घातली की फळी कोर्टाच्या नोटिशीसारखी दिसते, असं मला वाटलं. गुरुजींना विचारलं नाही. माझ्या फळीत दुसऱ्याचा शब्द कशाला, अशी माझी मिजास.

अमावास्या त्या खेपेला शनिवारी सकाळी लागत होती आणि रविवारी सकाळी सुटत होती. कॅलेंडरात ती रविवारी छापली होती. पण आमच्यात माग कधी बंद ठेवायचा ते पंच ठरवतात, आणि आदल्या संध्याकाळी त्यांचा माणूस गल्लीतून सांगत जातो. शुक्रवारी तो ओरडत आला, "उद्या माग बंद!" मला चिठ्ठीतला रविवार आठवला. तरी मनाशी म्हटलं, गुरुजींनी फळी वाचली असणार, त्यांना कळेलच. आणि मी उठलो नाही.

शनिवारी दिवेलागणीला वाचनालयाला कुलूप.

माणसं मात्र आली होती. अंगात धुतलेली पैरण, डोक्याला पटका, आणि आप्पा तर काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. मी मोजली, सव्वीस भरली. गुरुजींच्या घरी धावलो, तर त्यांची बायको म्हणाली, "ते निपाणीला गेलेत लेकीकडं. उद्या सकाळच्या मोटारीनं येणार." परत आलो तर माझ्यावरच बोलणी सुरू झाली होती.

"काय रं अण्णा, तुझं गलबत बुडालं काय?"

"अरं, बोलवून दार लावायची ही नवी रीत हाय. कोटवाल्यांचं काम, आपण कशाला आलतो?"

"मी चुलीवरचं कालवण टाकून आलोय, बायको घरात घेनार न्हाय आता."

लोक हसले. हसता हसता तिघंचौघं निघाली. ही माणसं आज गेली तर पुन्हा या दारात येणार नाहीत, हे मला कळत होतं. उद्या रविवारी माग चालू, मग खोलीत नुसते गुरुजी आणि वकीलसाहेब. वीस कुठली, एकही नाही.

मी आप्पाला म्हटलं, "आप्पा, कुणाला हलू देऊ नगंस." आणि वकीलसाहेबांच्या घराकडं पळत सुटलो.

वकीलसाहेब ओसरीवर पान लावत होते. मी धापा टाकत सांगितलं.

"अमावास्या उद्या आहे," ते म्हणाले. "भिंतीवर कॅलेंडर आहे, बघ."

"साहेब, आमच्या पंचांनी आज माग बंद ठेवलाय. माणसं दारात उभी हायेत."

"मग त्यांना तारीख कळली नाही का? फळीवर रविवार नाही?"

"न्हाय."

त्यांनी पान खाली ठेवलं. "म्हणजे गुरुजींनी तारीख घातलीच नाही! मी म्हणत होतो, या माणसाला व्यवहार नाही. एवढं साधं काम..."

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. गुरुजी निपाणीला. चिठ्ठी माझ्या पैरणीच्या खिशात. मी गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं माझं. आणि वकीलासमोर, एका विणकरानं, आपण चुकलो म्हणायचं, याची मला लई चीड होती.

"गुरुजींनी घातली होती," मी म्हटलं. "मी गाळली." आणि चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती कंदिलापाशी धरून वाचली. "का गाळलीस?"

"मला शोभली न्हाय."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मला वाटलं आता हाकलतील. ते आत गेले, किल्ली आणि पुस्तक घेऊन बाहेर आले आणि चपला घालायला लागले. वाटेत ते माझ्यापुढं भराभर चालत राहिले. ते रागवले असते तर बरं वाटलं असतं.

दारात पोचलो तेव्हा आप्पा काठी आडवी धरून पायरीवर बसला होता आणि कुणाला तरी म्हणत होता, "जा की, जा. उद्या गल्लीत सांगतो, वाचन ऐकायला भ्याला म्हणून." वकीलसाहेबांनी कुलूप काढलं. माणसं आत गेली, कोपऱ्याकोपऱ्यानं, बाकांना हात न लावता खाली बसली. वकीलसाहेबांनी मोजलं.

"सतरा," ते म्हणाले.

"सव्वीस होती साहेब. नऊ माझ्यापायी गेली."

"अट विसाची होती, आणि आत सतरा आहेत." त्यांनी चष्मा लावला. "तू खरं सांगितलं नसतंस, चूक गुरुजींवर गेली असती, तर मी आजच हे बंद केलं असतं. पुढच्या अमावास्येला पुन्हा मोजू. जा, ती फळी नीट कर."

"साहेब, पंच पुढचा दिवस आधी सांगत न्हाईत."

"मग जागा मोकळी सोड. आदल्या संध्याकाळी खडूनं भर, आणि आम्हालाही येऊन सांग."

रंगाचा डबा घरी होता, तो आणला. तिसरी फळी खाली काढून खिडकीखाली ठेवली आणि वेळेच्या खाली एक चौकोन काळा केला, वाराला आणि तारखेला पुरेल एवढा. आत वकीलसाहेब वाचत होते. आवाज कोर्टातलाच होता, पण गलबत बंदरातून सुटलं तेव्हा आप्पा मोठ्यानं म्हणाला, "शीड सोडलं काय?" आणि वकीलसाहेब थांबून म्हणाले, "सोडलं." पहिलं प्रकरण मी बाहेर उकिडवा बसूनच ऐकलं. चौकोनाची वरची रेघ जरा तिरकी आली होती. ती मी पुसून पुन्हा काढली.