तीन कागद शेजारी शेजारी

अंधेरीत बँकेच्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे माल कुणी बघत नाही. माल केव्हाच जहाजावर चढलेला असतो. आमच्याकडे फक्त त्याचे कागद येतात. परदेशातल्या खरेदीदाराच्या बँकेने लिहून दिलेलं असतं की अमुक कागद, अमुक अटींप्रमाणे, अमुक तारखेच्या आत सादर करा, आम्ही पैसे देतो. त्या वचनाला एलसी म्हणतात. कागद त्या अटींशी जुळतात का, हे आम्ही बघतो. एखादी तारीख चुकली तरी वचन मोडायला त्या बँकेला कारण मिळतं.

हे काम मला आवडतं, आणि ते मिळालं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. माझे वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. तालुक्याच्या शाळेत बाईंनी ओळीखाली बोट ठेवून वाचायला शिकवलं, ती सवय गेली नाही. एलसीची एकेक अट मी बोट ठेवून वाचते, मग कागदात ती शोधते, सापडली की पेन्सिलीने खूण करते.

माझ्या शेजारी बसायची ती मुलुंडची. तिचे वडील बँकेतच होते, त्यामुळे ज्या शब्दांचे अर्थ मी रात्रभर पाठ करत बसले ते तिने जेवताना ऐकलेले. ती बोट ठेवत नसे. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग आणि इन्शुरन्सची पॉलिसी टेबलावर शेजारी शेजारी पसरायची, खुर्ची मागे रेलायची, आणि चित्र बघावं तसं बघायची.

"अगं, तू वाचतेस की पूजा करतेस?" असं म्हणून हसायची. वाईट मनाने नाही. तेच मला जास्त लागायचं. तिच्यात राग धरण्यासारखं काही असतं तर माझं काम सोपं झालं असतं. ती डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायची. मीही खायचे, आणि खाताखाता मनात म्हणायचे, हिची एक तरी चूक सापडू दे.

त्या वर्षी चेकरची जागा रिकामी झाली. आम्ही तपासलेल्या कागदांच्या सेटवर दुसरी सही चेकरची असते, त्यानंतरच कागद परदेशी जातात. आमचे सर मालवणचे. त्यांनी दोघींना बोलावलं आणि एकाच सेटच्या दोन प्रती दिल्या.

"आपापलं तपासा गो. संध्याकाळी दोन याद्या बघतलंय. आणि एक ध्यानात ठेवा, गिऱ्हाइकाला चुका एकदाच सांगायच्या. आज एक, उद्या दुसरी, असा चालायचा नाय."

सेट जोगेश्वरीच्या एका कारखान्याचा होता, माल पाण्याचे व्हॉल्व्ह. कागद घेऊन आलेले काका बाहेर बाकावर बसून होते. एलसीची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि तो मंगळवार होता. काही चुकलंच तर दुरुस्त करायला तेवढेच दिवस.

मी बोट ठेवलं. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळत होतं. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याचा कागद. त्यावर बंदर बरोबर, माल जहाजावर चढल्याचा शेरा आणि तारीखही होती. विम्याची रक्कम इन्व्हॉइसपेक्षा एक दशांश जास्त, म्हणजे हवी तेवढी. मग पॉलिसीची तारीख बघितली आणि बोट थांबलं. माल जहाजावर चढल्यानंतर दोन दिवसांनी पॉलिसी काढलेली होती. विमा माल चढायच्या आधीपासून लागू आहे असं तिच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'गोदामापासून गोदामापर्यंत' एवढे शब्द होते. तेवढ्याने भागत नाही, कारण ते शब्द कुठून कुठे हे सांगतात, केव्हापासून हे सांगत नाहीत. मी ते नियमांच्या पुस्तकात अधोरेखित केलेलं होतं.

मी तिच्याकडे हळूच बघितलं. तिची पॉलिसी बाजूला ठेवलेली, वर बरोबरची खूण.

"इन्शुरन्स झालं तुझं?" मी विचारलं.

"हो गं. तारीख पुढची आहे, पण वेअरहाऊस टू वेअरहाऊस आहे ना. चालतं."

मी ती चूक फक्त माझ्या यादीत लिहिली. मला असा आनंद झाला की हाताचे तळवे गरम झाले. चेकरच्या खुर्चीत मी बसलेली मला दिसली सुद्धा. गावी फोन करून वडिलांना काय सांगायचं, तेही ठरलं.

जेवायला कँटीनमध्ये गेलो. तिने डबा सरकवला, आत फणसाची भाजी होती. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "वजन बघितलंस ना? इन्व्हॉइसवर एक आणि बिल ऑफ लेडिंगवर दुसरं. आकडे उलटसुलट झालेत."

मी बघितलं नव्हतं. एलसीत वजनाची अटच नव्हती, म्हणून माझं बोट तिथे थांबलंच नाही. कागद एलसीशी जुळले तरी एकमेकांशीही जुळावे लागतात, हे मला ठाऊक होतं. पण तिला ते दिसत होतं, मला आठवावं लागत होतं.

"तू हे मला का सांगतेस?" मी विचारलं.

"म्हणजे? त्या काकांना एकदाच सांगायचंय ना सगळं?"

तिने भाजी वाढली. आपल्याजवळचं असं सहज देऊन टाकणं मला कधी जमलं नव्हतं, कारण माझ्याजवळचं सगळं मोजून मिळवलेलं होतं. तिचं देणं घेऊन गप्प बसले असते तर ते जन्मभर अंगावर राहिलं असतं. चांगुलपणा नव्हता तो, सहन होईना एवढंच.

"इन्शुरन्स चालत नाही," मी म्हणाले. "गोदामाच्या शब्दांनी तारीख मागे जात नाही. पुस्तकात आहे."

तिचा घास हातातच राहिला. "शप्पथ? वाट लागली असती यार!" आणि मोठ्याने हसली. जळजळ झाली मला. हरतानासुद्धा हिला हसू येतं.

दोन्ही चुका काकांना एकाच यादीत गेल्या. काका घाबरले, मग कामाला लागले. वजन त्यांच्याच इन्व्हॉइसवर चुकलं होतं, ते नवीन करून आणलं. माल निघायच्या आधीच त्यांनी विमा कंपनीला मेलने कळवलेलं होतं, त्यामुळे विमा आधीच्या तारखेपासून लागू असल्याची पुरवणी कंपनीने पॉलिसीला जोडून दिली. गुरुवारी सेट स्वच्छ गेला. काकांनी आम्हा दोघींना पेढे दिले.

जागा तिला मिळाली.

"इन्शुरन्स तू पकडलंस, तिनेच येऊन सांगितलान," सर म्हणाले. "तू कागद अटीशी लावतंस, आणि चोख लावतंस. ती कागदाक कागद लावून बघता. चेकराक ता जास्त लागता."

त्यांचं म्हणणं मला खोटं ठरवता आलं नाही. ती मला न्याय देऊन गेली होती, आणि त्यासाठीही मी तिच्यावर जळत होते. वडिलांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "नोकरी शाबूत हाय ना?" मी हो म्हटलं. "मग बेस झालं," ते म्हणाले.

आता माझे सेट तिच्या सहीने जातात. मीही तीन कागद शेजारी शेजारी पसरते, पण बोट ठेवूनच वाचते. आणि तिने पास केलेला सेट पाठवायच्या आधी एकदा पुन्हा उघडून बघते. ते माझं काम नाही. ओळीमागून ओळ जाते, तारखा, वजनं, बंदरं, सगळं जुळलेलं.

परवा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, हातात डबा.

"काय गं, सापडलं काही?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"बघत राहा," ती म्हणाली, आणि डबा माझ्यापुढे सरकवला.