दोघांत एक नाक

येरमाळ्याजवळ हायवेला आमचा फळांचा गाडा आहे. टरबूज आबांचं आणि खरबूज-अननस आईचं, अशी वाटणी मला कळायला लागल्यापासूनची. आबा टरबूज डाव्या तळहातावर तोलायचे आणि उजव्या हाताने टिचकी मारायचे. टणटण वाजलं की कच्चं. भद्द वाजलं की आतून बसलेलं. आवाज खोल घुमला, खालच्या तळहाताला थरथर लागली आणि फळ आकाराच्या मानाने जड भरलं, तरच ते गिऱ्हाइकाच्या हातात जायचं. गाडीतून उतरून दार ठोठावल्यासारखी टरबुजं ठोकणारी माणसं मला अजून सहन होत नाहीत. सगळी ठोकून झाली की शेवटी दिसायला देखणं तेच उचलतात.

खरबूज असं वाजून सांगत नाही. ते हुंगावं लागतं, तेही देठाकडून नाही, उलट्या बाजूने, जिथलं फूल गळून गेलेलं असतं तिथे. अननस बुडाशी हुंगायचा. वासच नसेल तर तो कोवळा तोडलेला. मग घरात कितीही ठेवा, गोड व्हायचा नाही. ताडीसारखा आंबूस वास आला तर तो गेलाच. हे सगळं खातं आईचं. साथीच्या वर्षी आबांना ताप येऊन गेला आणि त्यांचा वास कायमचा गेला. शेजारी दूध करपलं तरी त्यांना पत्ता नसायचा.

"असू द्या, दोघांत एक नाक पुरं हाय," असं म्हणून आई हसायची.

मग आईच्या किडन्या गेल्या. धाराशिवला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या, पाणी मोजून, आणि टरबूज-खरबूज साफ बंद. जन्मभर फळं विकलेल्या बाईला फळ वर्ज्य, याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. तिचं गाड्यावर बसणं सुटलं. मी तिच्यासाठी माहेरी येऊन राहिले होते, त्यामुळे रोजचं बघत होते. सकाळी आबा पाटी उचलून तिच्या बाजेशी आणायचे. ती एकेक फळ नाकाशी धरायची, "हे आज, हे परवा, हे न्हाय," म्हणायची आणि आबा तसे ढीग लावायचे. दिवसभरात तिला काम म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. त्याच्यासाठी ती आधी केस विंचरून बसायची.

यात्रेच्या गर्दीत गावातलीच एक बाई कापलेला अननस घेऊन गाड्यावर परत आली. "मावशींनी निवडलाय म्हणून नेला, आन् ह्यो बघा, आंबलेला," म्हणाली. आबांनी तिला दुसरा दिला. ती गेल्यावर मी आईने 'आज'च्या ढिगात लावलेले अननस हुंगून पाहिले. निम्म्यांना वासच नव्हता.

"आबा, आईला वास येत न्हाय."

"व्हय," आबा म्हणाले. "लई दिस झाले. दवाखान्यातली बाई म्हणली, ह्या दुखण्यात जातो कधी कधी."

"तुमाला ठावं हाय, मग पाटी कशाला नेता तिच्यापुढं?"

"खरबुजं म्या हितं परत बघतो. देठ आपसूक सुटून गोल खड्डा पडलेला आसंल, हाताला जड आसंल, तर ठिवतो. अननसाचं तेवढं जमत न्हाय मला." मग टरबुजांवरची धूळ पुसत म्हणाले, "तिला बोलू नगंस. एवढं बी काढून घेतलं तर ती उठून बसंल कशाला?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून आबा गाड्यावर फळं उतरवायचे आणि मी अननस हुंगून वेगळे काढायचे.

एका सकाळी आईने एक खरबूज नाकाशी बराच वेळ धरलं. मी दारात चहा घेऊन उभी होते. तिने ते 'आज'मध्येही टाकलं नाही आणि 'परवा'मध्येही नाही. आबांच्या पुढे धरलं.

"तुमी बघा बरं. येतोय का वास?"

आबांनी फळ हातात घेतलं, उलटी बाजू नाकाला लावली आणि डोळे मिटून लांब श्वास ओढला.

"लई गोड," ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचं नाक केव्हाच गेलंय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मग आजच्यात लावा," आई म्हणाली, आणि पुढचं खरबूज उचललं.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. त्या दिवसांत तिने एकही फळ स्वतःच्या नाकाशी नेलं नाही. केस विंचरून बसायची, एकेक उचलून आबांच्या नाकाशी धरायची, आणि ते सांगतील त्या ढिगात लावायची.