धाकटीच्या नावापुढचा पत्ता

नांदेडला कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन. मशीन उन्हाळ्यात माझ्यापेक्षा लवकर तापतं, एवढंच त्यातल्या त्यात बरं. अठरा वर्षं लोकांची भांडणं टाइप करून करून माझी बोटं निबर झालीत. पण धाकट्या बहिणीचं भांडण टाइप करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

दुकानामुळं मला एक सवय लागली. एकाच आडनावाची चाळीस गिऱ्हाइकं, मग फोनमध्ये नाव सेव्ह करताना मी गाव आणि काम पुढं जोडूनच टाकते. ‘मामा अर्धापूर केळीवाले’, ‘काकू विष्णुपुरी वारस दाखला’. या सवयीवर मी फार खूश होते. लोकांना सांगायचे, असं सेव्ह करत जा, माणूस लगेच सापडतो.

धाकटीला जळकोटच्या पुढं एका गावात दिली होती. तिच्या नवऱ्याला आम्ही पाहुणे म्हणायचो, जावयाला म्हणतात तसं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती एका पिशवीनिशी निघाली आणि लातूरला जाऊन राहिली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली. ती लातुरात कुठं आहे हे मला आणि तिथल्या समुपदेशन केंद्रातल्या ताईंना, दोघींनाच माहीत होतं. आईलासुद्धा सांगितलं नाही, कारण आईच्या पोटात काही राहत नाही. पाहुण्यांनी निरोप धाडला होता की जिथं असशील तिथून उचलून आणीन. तो नुसता बोलणारा माणूस नाही, हे धाकटीच्या डाव्या मनगटाकडं बघितलं की कळायचं. आता ती लातुरात राहत नाही, म्हणून शहराचं नाव लिहिते आहे.

पाहुण्यांविरुद्ध कोर्टात अर्ज करायचं ठरलं. आमच्या वकीलबाई तशा कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “तुमचं दोघींचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं मला पाहिजे. तिनं रोजच्या रोज तुम्हाला कळवलंय, तारीख-वेळेसकट. पण नीट ऐका. माझ्याकडं आलं तर माझ्यापाशीच राहील. अर्जाला जोडलं की त्याची एक प्रत पाहुण्यांच्या वकिलाला जाते.”

“म्हणजे पाहुणे वाचणार?”

“अक्षर न् अक्षर. म्हणून फोन नंबर, पत्ते, तिसऱ्याच माणसांच्या भानगडी झाकून आणा. आणि मूळ फाइलला हात लावायचा न्हाई. फोनमधलं काही पुसायचं न्हाई. कॉपी करा, कॉपीवर काम करा. काय झाकलं आणि त्याजागी काय खूण टाकली, ते पहिल्या पानावर लिहा. जजसाहेबांनी मागितलं तर मूळ दाखवू.”

मी मनात म्हटलं, हे मला शिकवता होय? काळ्या पट्ट्या मारलेल्या फाइली घेऊन लोक माझ्याच दुकानात येतात. पट्टीखालची अक्षरं निवडून दुसऱ्या फाइलमध्ये टाकली की जशीच्या तशी उघडी पडतात, हे दाखवून मी दोन पदवीधरांची बोलती बंद केली होती. झाकायचं तर मजकूरच बदलायला लागतो.

रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून बसले. फोनमधून चॅट एक्स्पोर्ट केली, फोटो-व्हिडिओ वगळून. साधी मजकुराची फाइल आली. दर ओळीला तारीख, वेळ, नाव आणि मग मजकूर. मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, पेनड्राइव्ह कपाटात ठेवला, किल्ली गळ्यात अडकवली. मग कॉपी उघडली.

नंबर शोधणं म्हणजे नुसता ताप. एकच नंबर कुठं +91 लावून, कुठं मधी जागा सोडून, कुठं शून्य लावून. धाकटी कधी मराठी आकडे टाकायची, कॉम्प्युटरला ते सापडायचेच नाहीत. घरमालकिणीचा नंबर तर तिनं दोन मेसेजमध्ये तोडून पाठवला होता, सुरक्षित म्हणून. मी शेवटी फूटपट्टी स्क्रीनला लावून एकेक ओळ वाचली. प्रत्येक नंबराला एकच खूण दिली, नंबर १, नंबर २, म्हणजे वाचणाऱ्याला माणूस तोच आहे हे कळावं. कोणती खूण कुणाची ते वहीत लिहिलं. लॅबचं नाव झालं ‘काम १’, घर झालं ‘ठिकाण १’. आमच्या चुलतबहिणीचा गर्भ पडला होता त्याबद्दलचं बोलणं झाकलं, तिचा या भांडणाशी काय संबंध? पहिल्या दिवशी धाकटीनं लोकेशन पाठवलं होतं. फाइलमध्ये त्याची नकाशाची लिंक झाली होती, आकड्यांसकट. ती उघडून बघितली तर बरोबर तिच्या दारात नेऊन उभं केलं. ती लिंक काढली आणि स्वतःवरच खूश झाले, की बाई, तुझी नजर घारीची.

आणि मग पाहुण्यांचे मेसेज आले. धाकटी ते मला फॉरवर्ड करायची. ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून भरभर वाचून फोन उलटा ठेवला होता. आता एकटी होते. काय काय लिहिलं होतं त्यानं! तिच्या शरीराबद्दल, आमच्या आईबद्दल, शेजारच्या एका माणसाबद्दल. मला वाटलं, हे कोर्टातले कारकून वाचणार, शिपाई वाचणार, माझ्या दुकानात चहा पिणारे वाचणार. माझ्या हातांनी मी ते सगळे मेसेज काढले आणि त्याजागी लिहिलं, ‘खाजगी’. तेव्हा मला ते बहिणीची अब्रू राखल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी प्रिंट घेऊन लातूरला गेले. ताईंनाही हे कागद पाहिजे होते, म्हणजे धाकटीला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली नसती. केंद्राच्या खोलीत धाकटी, ताई आणि मी. मी कागद टेबलावर असे ठेवले की जसा काही निकालच लागला.

ताईंनी पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

“पत्ता झाकलाय म्हणता?”

“सगळा. लोकेशनसुद्धा.”

त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला आणि ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं. मजकूर नाही, मजकुराच्या आधीचं नाव. फाइलमध्ये माणूस तसाच उमटतो, जसा आपण फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. आणि मी धाकटीला सेव्ह केलं होतं माझ्या थोर पद्धतीनं. ‘धाकटी’, पुढं लातूर, पुढं त्या भागाचं नाव, पुढं घरमालकिणीचं आडनाव. मी ते इथंही लिहीत नाही. प्रत्येक ओळीला. छप्पन्न पानं. फाइलच्या नावातसुद्धा तेच.

फूटपट्टी लावून मी ओळ वाचत होते ती नावाच्या पुढून. नाव काय वाचायचं, आपलंच माणूस! सोमवारी वकीलबाईंकडं कागद द्यायचं ठरलं होतं. एक दिवस मधी होता, नाहीतर मीच माझ्या हातानं पाहुण्यांना तिच्या दारात नेऊन सोडलं असतं. मला रडू आलं, आणि मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

धाकटी मात्र दुसरंच काही बघून राहिली होती. तिनं पानं मागंपुढं केली.

“अक्का, हे ‘खाजगी’ काय हाय?”

“ते... पाहुण्यांचं घाण बोलणं. ते कशाला लोकांना?”

“ते मला म्हणलाय त्यानं. रोज म्हणलाय. तू कामून पुसलंस?”

“तुझी अब्रू—”

“माझी?” ती केवढ्यांदा म्हणाली! तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरूनच गेले होते. “मी तर काहीच म्हणले न्हाई त्यात. एक शब्द न्हाई माझा. आन् ह्याच्यातच त्यानं लिवलंय की मनगट मोडलं तसं पाय मोडीन. ते बी गेलं का तुझ्या खाजगीत?”

गेलं होतं. शिव्यांच्या मधोमध ती धमकी होती आणि मी शिव्यांसकट ती खरवडून काढली होती.

ताई शांतपणे म्हणाल्या, “सतरा ठिकाणी ‘खाजगी’ आहे. तुम्ही त्याची लाज झाकलीत, बाई.”

अठरा वर्षं झाली धंद्यात, आणि झाकायचं काय, उघडं ठेवायचं काय, हे मला धाकटीनं शिकवावं.

नांदेडला परत येईपर्यंत बसमध्ये मी ठरवून टाकलं होतं. वकीलबाईंकडं दोन दिवस मागून घेतले आणि मूळ फाइलवरून सगळं पहिल्यापासून केलं. आधी नाव. ओळीच्या सुरुवातीचं, फाइलच्या नावातलं. सगळीकडं नुसतं ‘धाकटी’. नंबर, घर, काम, चुलतबहीण, सगळं पहिल्यासारखं झाकलं. सतरा मेसेज जसेच्या तसे परत आले, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट. टाइप करणाऱ्या बाईला चूक दिसली की बोट शिवशिवतं, पण नाही सुधारली. वकीलबाईंनी आणखी एक अडचण काढली. फॉरवर्ड केल्याची खूण मजकुराच्या फाइलमध्ये येत नाही, तेव्हा या शिव्या धाकटीनंच मला घातल्या असं दिसतं. मग धाकटीच्या फोनमधून तिची आणि पाहुण्यांची मूळ चॅटही काढून मागवली आणि सोबत लावली. वकीलबाईंनी ती कोर्टात द्यायच्या अगोदर मला फोन करून विचारलं, “ह्यात तिनं त्याला कुठल्या नावानं सेव्ह केलंय ते बघितलं का?” बघितलं होतं. ‘अहो’. ते तसंच राहू दिलं.

प्रिंट काढायच्या आधी धाकटीला फोन लावला. एकेक मेसेज वाचून दाखवला आणि दरवेळी विचारलं, हे ठेवू का? सतरा वेळा ती म्हणाली, “हाव. ठेव.”

अर्जावर पत्ता माझ्या घरचा टाकला होता आणि दुकान तर कोर्टाबाहेरच, म्हणून तारखेच्या दिवशी पाहुणे माझ्या दुकानात येणार हे मी धरूनच चालले होते. आले. हातात तीच प्रत, कोपरे दुमडलेले. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती.

“हे ठिकाण १ कुठंय?”

“कागदावर हाय तेवढंच.”

“सरळ सांगा. कुठं ठेवलीय तिला?”

“मजकूर सगळा हाय, पाहुणे. वाचा की.”

त्यानं रागानं पानं उलटली. पत्ता शोधत शोधत तो नेमका ‘पाय मोडीन’च्या पानावर आला. शेजारी बसलेला म्हातारा मान लांब करून वाचायला लागला, लोकांचे कागद वाचायची आपल्याकडं हौसच असते. म्हाताऱ्यानं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा पाहुण्यांकडं. पाहुण्यांचा तळवा आपोआप त्या ओळींवर गेला.

“हे असलं लावायची काय गरज होती? हे घरातलं हाय. हे तरी झाकायचं.”

“ते झाकायचं न्हाई म्हणली ती,” मी म्हटलं. “सतरा वेळा विचारलंय तिला.”