कोटिंगवाल्या मामांचा स्लॅब

गळती थांबवायला छतावर लावलेलं कोटिंग उन्हापावसात सोलून निघतं, हे कोटिंगवाल्या मामांनी जन्मभर पाहिलं होतं. आपल्यामागे लेकीचं छत गळू नये, म्हणून तिच्या स्लॅबच्या काँक्रीटमध्येच त्यांनी भेगा बुजवणारे स्फटिक तयार करणारी पावडर मिसळली. पण सवय जाईना. कोटिंगला कोरडा स्लॅब लागतो, म्हणून त्यांनी नव्या स्लॅबवरही पाणीच साठू दिलं नाही. स्फटिक तर पाण्यानेच वाढतात. पाण्याविना स्लॅब तडकला, पहिल्याच पावसात गळला.

"केसाएवढी भेग स्फटिक बुजवतात, मामा. हिच्यात नख जातंय," गळती तपासायला आलेला मी म्हणालो. "भेग भरून वर लवचीक कोटिंगच करावं लागेल."

"शेवटी कोटिंगच ना, सासरेबुवा?" जावई हसला.

मामा लेकीकडे वळले. "माझ्यामागे हे सोलून निघेल तेव्हा कुणाला बोलावशील गं?"